ऑटोट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची बचत: सूत्रातली आणि वजनकाट्यावरची

प्रश्न: सर, पुस्तकात ऑटोट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची बचत V2/V1 दिली आहे. म्हणजे १२ केव्हीए, २४०/२०० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ८३ टक्के तांबं वाचायला हवं. प्रत्यक्षात खरंच एवढं वाचतं का? आणि वाचत असेल, तर दोन वाइंडिंगचे ट्रान्सफॉर्मर बनवतातच कशाला?

उत्तर: ८३ टक्के हा आकडा बरोबर आहे, पण तो एका अटीवर उभा आहे. दोन्ही ट्रान्सफॉर्मरचा कोअर एकच आहे असं ते सूत्र गृहीत धरतं. चांगला डिझायनर ऑटोसाठी तेवढा मोठा कोअर घेतच नाही. त्यामुळे प्रत्यक्षात तांबं ८३ ऐवजी सुमारे ७४ टक्के वाचतं, पण लोखंडही जवळपास तेवढंच वाचतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच बचतीत दडलेलं आहे: जितकं तांबं वाचतं, तितकाच इम्पीडन्सही कमी होतो. तुम्ही घेतलेले आकडे हिशोबाला सोपे आहेत, म्हणून त्यांच्यावरच सगळं करून बघू.

१२ केव्हीएला २४० व्होल्टच्या बाजूला ५० अँपिअर आणि २०० व्होल्टच्या बाजूला ६० अँपिअर. कोअर असा घेऊ की एका टर्नला २ व्होल्ट मिळतील. मग २४० व्होल्टला १२० टर्न आणि २०० व्होल्टला १०० टर्न लागतील.

दोन वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर असेल तर प्रायमरीत १२० टर्न ५० अँपिअरचे, म्हणजे ६००० अँपिअर-टर्न. सेकंडरीत १०० टर्न ६० अँपिअरचे, तेही ६०००. एकूण १२०००. तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ करंटच्या प्रमाणात आणि लांबी टर्नच्या प्रमाणात असते, त्यामुळे तांब्याचं वजन या अँपिअर-टर्नच्या बेरजेच्या प्रमाणात येतं. करंट डेन्सिटी आणि टर्नची सरासरी लांबी दोन्हीकडे सारखी ठेवली, की या बेरजेवरून थेट तुलना करता येते.

आता ऑटो. एकच १२० टर्नचं वाइंडिंग, १०० व्या टर्नला टॅप. वरच्या २० टर्नमधून सप्लायचा ५० अँपिअर जातो. टॅपवर लोड ६० अँपिअर मागतो, त्यातले ५० वरून आलेलेच असतात, उरलेले फक्त १० अँपिअर खालच्या १०० टर्नमधून वर येतात. म्हणजे वरचा सिरीज भाग २० गुणिले ५०, १००० अँपिअर-टर्न. खालचा कॉमन भाग १०० गुणिले १०, तेही १०००. एकूण २०००. बारा हजारांच्या जागी दोन हजार, म्हणजे एक षष्ठांश तांबं. पुस्तकातलं सूत्र हेच सांगतं:

```
ऑटोचं तांबं / दोन वाइंडिंगचं तांबं = 1 - V2/V1 = 1 - 200/240 = 1/6
```

इथे V1 म्हणजे मोठं व्होल्टेज आणि V2 म्हणजे लहान. मॅग्नेटायझिंग करंट यात धरलेला नाही, पण त्याने फारसा फरक पडत नाही.

हेच किलोत मांडू. करंट डेन्सिटी २.५ अँपिअर प्रति चौ. मिमी आणि सरासरी टर्न अर्धा मीटर धरला, तर दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ६० मीटर लांब, २० चौ. मिमीची प्रायमरी आणि ५० मीटर लांब, २४ चौ. मिमीची सेकंडरी येते. प्रत्येकी १२०० घन सेंमी तांबं, म्हणजे साधारण १०.७ किलो, आणि दोन्ही मिळून २१.४ किलो. त्याच कोअरवरच्या ऑटोत १० मीटर जाड तार आणि ५० मीटर ४ चौ. मिमीची बारीक तार. दोन्ही भागांचं वजन सारखंच, प्रत्येकी १.८ किलोच्या आसपास, एकूण ३.६ किलो. जवळपास १८ किलो तांबं वाचलं.

हे तांबं वाचतं कशामुळे, ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. लोडला मिळणाऱ्या १२ केव्हीएपैकी १० केव्हीए सप्लायमधून तारेतून सरळ पुढे जातात: ५० अँपिअर गुणिले २०० व्होल्ट. कोअरमधल्या चुंबकत्वाच्या वाटेने फक्त २ केव्हीए जातात: ५० अँपिअर गुणिले ४० व्होल्ट, किंवा दुसऱ्या बाजूने मोजलं तर १० अँपिअर गुणिले २०० व्होल्ट. तांबं आणि लोखंड दोन्ही या २ केव्हीएपुरतंच लागतं. नेमप्लेटवर १२ लिहिलं असलं, तरी आत २ केव्हीएचाच ट्रान्सफॉर्मर असतो.

नवीन मुलांना मी हे टेबलवर करून दाखवतो. २००/४० व्होल्टचा, २ केव्हीएचा, साधा दोन वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा. २०० च्या वाइंडिंगला १० अँपिअर आणि ४० च्या वाइंडिंगला ५० अँपिअर चालतात. ४० चं वाइंडिंग २०० च्या डोक्यावर सिरीजमध्ये जोडलं, की २४०/२०० चा ऑटो तयार, आणि तोच डबा आता १२ केव्हीए देतो. ना तार वाढली, ना स्टॅम्पिंग. बघणाऱ्याचा क्षणभर विश्वास बसत नाही. क्लॅम्प मीटर खालच्या वाइंडिंगच्या तारेला लावून लोड ६० अँपिअरवर असताना १० अँपिअर दाखवला, की मग बसतो.

हा प्रयोग करताना दोन गोष्टी सांभाळा. आधी फक्त २०० च्या वाइंडिंगला २०० व्होल्ट द्या आणि जोडलेल्या दोन वाइंडिंगच्या बाहेरच्या टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. २४० आलं तर जोडणी बरोबर. १६० आलं तर ४० चं वाइंडिंग उलटं जोडलं गेलंय. तसंच ठेवून २४० व्होल्ट दिले, तर १६० व्होल्टच्या टर्नवर २४० पडतात, फ्लक्स दीडपट होतो, कोअर सॅच्युरेट होऊन घुमायला लागतो आणि करंट बेसुमार वाढतो. दुसरं म्हणजे इन्सुलेशन. स्वतंत्र असताना ४० व्होल्टचं वाइंडिंग अर्थच्या तुलनेत ४० व्होल्टपुरतंच बांधलेलं असू शकतं. ऑटोत ते २०० च्या डोक्यावर चढतं आणि कोअरच्या तुलनेत २४० व्होल्टवर जातं. त्याचं इन्सुलेशन तेवढं आहे हे मेगरने आणि हाय व्होल्टेज टेस्टने तपासल्याशिवाय ते पूर्ण सप्लायवर घेऊ नका.

आता कोअरकडे वळू. वर आपण त्याच कोअरवर ऑटो गुंडाळला. त्या कोअरच्या खिडकीत आधी ४८०० चौ. मिमी तांबं बसत होतं, आता फक्त ८०० आहे. खिडकीचा मोठा भाग रिकामा. वाइंडिंग बसवल्यावर चार बोटं जागा उरली, तर कोणताही वाइंडर विचारेल, "एवढा मोठा कोअर कशाला घेतलात?" त्याचं बरोबर आहे. खिडकी तेवढीच लहान केली, तर ढोबळ हिशोबाने ३७ किलोचा शेल टाइप कोअर २० किलोवर येतो. तांब्यासह साधारण २४ किलोचा ट्रान्सफॉर्मर होतो.

पण हेही सगळ्यात चांगलं डिझाइन नाही, कारण आता लोखंड फार आणि तांबं थोडं झालंय. २ केव्हीएला योग्य प्रमाणातला कोअर घेतला तर काय होतं ते पाहा. फ्लक्स डेन्सिटी आणि करंट डेन्सिटी तीच ठेवली, तर ट्रान्सफॉर्मरची केव्हीए क्षमता त्याच्या लांबी-रुंदीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते: लोखंडाचं क्षेत्रफळ वर्गात, खिडकीचं क्षेत्रफळ वर्गात, आणि क्षमता या दोघांच्या गुणाकारात. वजन मात्र तिसऱ्या घाताप्रमाणे बदलतं. क्षमता एक षष्ठांश करायची, तर प्रत्येक माप ०.६४ पट होतं आणि वजन ०.२६ पट.

मग कोअरचा मधला लिंब ६९ चौ. सेंमीवरून २८ वर येतो. एका टर्नला २ व्होल्टच्या जागी ०.८२ व्होल्ट मिळतात. टर्न वाढतात: खाली २४५, वर ४९. टर्नची लांबी अर्ध्या मीटरवरून ३२ सेंमी होते. या सगळ्याचा गुणाकार केला की तांबं ५.६ किलो येतं आणि लोखंड सुमारे १० किलो. एकूण साडेपंधरा किलो. तांबं ३.६ किलोवरून ५.६ किलो झालं खरं, पण लोखंड जवळपास १० किलो आणखी कमी झालं. दोन वाइंडिंगचा मूळ ट्रान्सफॉर्मर ५८ किलोचा होता.

म्हणून कोणी तांब्याची बचत विचारली, की मी आधी विचारतो, कोअर कोणता धरलाय? तोच कोअर असेल तर ८३ टक्के. प्रमाणात लहान केलेला कोअर असेल तर तांबं ७४ टक्के आणि लोखंडही ७४ टक्के. परीक्षेत पहिलं उत्तर लिहा, अंदाजपत्रकात दुसरं.

तांबं कमी झालं की लोडवरचा लॉसही कमी होतो, कारण करंट डेन्सिटी सारखी असेल तर प्रत्येक घन सेंमी तांब्यात तेवढेच वॉट जळतात. २.५ अँपिअर प्रति चौ. मिमीला, ७५ अंश सेल्सिअस तापमानावर, हे साधारण ०.१३ वॉट प्रति घन सेंमी येतं. दोन वाइंडिंगमध्ये २४०० घन सेंमी, म्हणजे ३१५ वॉट. लहान कोअरच्या ऑटोत सुमारे ६२६ घन सेंमी, म्हणजे ८२ वॉट. १२ केव्हीएच्या मानाने २.६ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर. ट्रान्सफॉर्मर दिवसभर लोडवर चालणार असेल, तर माझ्या मते खरेदीच्या वेळी वाचलेल्या तांब्यापेक्षा ही बचत मोठी ठरते.

आता एक घडलेला प्रकार सांगतो. नेमका अशाच बांधणीचा एक ऑटो माझ्याकडे आला होता, दुसऱ्यांदा जळून. पहिल्यांदा जळल्यावर तो एका दुकानात रीवाइंड करून घेतला होता आणि काही आठवड्यांतच पुन्हा गेला. खोलून पाहिलं तर बाहेरचे थर कोळसा झालेले, कागद चुरा होऊन पडत होता, आणि आतल्या थरांवरचं एनॅमल मात्र नवीन तारेसारखं चमकत होतं. ओव्हरलोडने जळलेलं वाइंडिंग असं दिसत नाही. ओव्हरलोडमध्ये सगळंच काळवंडतं, आणि आतल्या थरांची उष्णता बाहेर पडायला वाट नसल्याने तेच जास्त करपतात.

तारेची जाडी मोजली तेव्हा उलगडा झाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच तार होती, साधारण ६.७ चौ. मिमीची. रीवाइंड करणाऱ्याने टर्न बरोबर मोजले होते, २९४. पण वर जाड आणि खाली बारीक अशा दोन तारा का होत्या, हे त्याच्या लक्षात आलं नाही. सगळीकडे जाड तार घेतली तर ती खिडकीत मावत नव्हती, म्हणून त्याने मावेल अशी मधली एकच तार घेतली. तांब्याचं एकूण आकारमान जवळपास तेवढंच राहिलं. पण बाहेरच्या थरांत असलेल्या वरच्या ४९ टर्नमधून ५० अँपिअर जाताना करंट डेन्सिटी साडेसात झाली, म्हणजे ठरलेल्याच्या तिप्पट. उष्णता वर्गात वाढते, म्हणून तिथल्या प्रत्येक घन सेंमीत नऊपट उष्णता. खालच्या २४५ टर्नमध्ये मात्र दीड अँपिअर प्रति चौ. मिमी, म्हणजे तिथलं जवळपास चाळीस टक्के तांबं बेकार बसलेलं. सिरीज भागात ४१ वॉटच्या जागी १२३ वॉट, आणि तेही एक तृतीयांश तांब्यात.

त्या माणसाने तांबं चोरलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने वजन पूर्ण दिलं होतं. पण ऑटोत तांबं किती आहे याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं असतं. सिरीज आणि कॉमन, दोन्ही भागांत अर्धं अर्धं वजन, हाच त्याचा समतोल आहे. एकाच गेजची तार योग्य ठरते ती फक्त २:१ च्या ऑटोत, उदाहरणार्थ २४०/१२०. तिथे वर आणि खाली करंट सारखाच असतो. बहुतेक वाइंडरांचा हात अशा ऑटोवर बसलेला असतो आणि तीच सवय ते बाकीच्या रेशोंना लावतात.

टॅप वाढले की बचत कशी कमी होते, तेही याच पद्धतीने दिसतं. समजा आउटपुट २०० व्होल्ट, ६० अँपिअरच हवं, पण इनपुट १६० ते २४० मध्ये हलतं आणि १६० व २४० ला टॅप द्यायचे आहेत. पहिल्या कोअरवर, म्हणजे २ व्होल्ट प्रति टर्न धरून, इनपुट १६० असताना ते ८० व्या टर्नला येतं आणि ७५ अँपिअर घेतं. तेव्हा ८० ते १०० या टर्नमधून ६० अँपिअर जातात आणि खालच्या ८० मधून १५. इनपुट २४० असताना १०० ते १२० मधून ५० जातात आणि खालच्या १०० मधून १०. प्रत्येक भागाला त्याचा सगळ्यात वाईट प्रसंग सोसायला हवा. म्हणून खालचे ८० टर्न १५ अँपिअरला, मधले २० टर्न ६० ला आणि वरचे २० टर्न ५० ला गुंडाळावे लागतात. बेरीज १२०० अधिक १२०० अधिक १०००, म्हणजे ३४०० अँपिअर-टर्न. आधी २००० होते.

याची तुलना मात्र १२००० शी करू नका. दोन वाइंडिंगच्या ट्रान्सफॉर्मरला हेच टॅप दिले, तर त्याचंही तांबं वाढतं. त्याच्या प्रायमरीचे खालचे ८० टर्न ७५ अँपिअरला आणि वरचे ४० टर्न ५० ला लागतात, म्हणजे ८०००, आणि सेकंडरीचे ६०००. एकूण १४०००. चौदा हजाराला चौतीसशे, म्हणजे ७६ टक्के बचत. ८३ नाही, पण वाईटही नाही. अशा मशीनला सरळ २४०/२०० चं सूत्र लावून तार काढली, तर इनपुट खाली जाईल तेव्हा मधले २० टर्न जळतील. स्टॅबिलायझर कमी व्होल्टेजच्या वेळीच जळालेला दिसला, तर आधी हा भाग मोजा.

रेशो वाढत गेला की बचत झपाट्याने घटते. २४०/१२० ला सूत्रातली बचत ५० टक्के. २४०/८० ला ३३. २४०/२४ ला फक्त १० टक्के, आणि त्या १० टक्क्यांसाठी २४ व्होल्टचं सर्किट २४० व्होल्टच्या लाइनला थेट जोडलेलं राहतं. असा ऑटो मी बनवत नाही आणि कोणी मागितला तरी नाही म्हणतो. २४ व्होल्टच्या टोकाला माणूस निर्धास्तपणे हात लावतो. कॉमन भागाची तार तुटली, किंवा इनपुटचा फेज आणि न्यूट्रल उलटा लागला, तर त्याच टोकावर लाइनचं जवळपास पूर्ण व्होल्टेज उभं राहतं. अलगपणा हवा असेल तिथे दोन वाइंडिंगच हवीत. तिथे बचतीचा प्रश्नच येत नाही.

कॉमन भाग तुटला तर नेमकं काय होतं, तेही पाहू. त्याच्यातली तार बारीक असते, आणि जाड तारेला ती जिथे जोडलेली असते तो सांधा कच्चा राहण्याची शक्यता जास्त. तो सुटला की सिरीज भाग लोडसोबत नुसत्या चोकसारखा उरतो. लोड हलका असेल तर लोडवर जवळपास पूर्ण २४० व्होल्ट येतात. २४०/२०० मध्ये हे २० टक्के जास्त आहे, काही उपकरणं ते सहन करतील. २४०/१२० मध्ये मात्र १२० च्या उपकरणावर दुप्पट व्होल्टेज जातं. म्हणून या सांध्याला मी नुसतं डाग देऊन कधी सोडत नाही. आधी तांब्याची नळी दाबून बसवायची आणि मग डाग भरायचा.

आता इम्पीडन्स. दोन वाइंडिंगचे ट्रान्सफॉर्मर का बनवतात याचं हे दुसरं मोठं कारण, आणि याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. आपल्या डब्यात २ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आहे. २ केव्हीएवर त्याचा इम्पीडन्स ४.५ टक्के आहे असं धरू. तोच डबा ऑटो म्हणून १२ केव्हीएवर मोजला, की टक्केवारी सहाने भागली जाते: ०.७५ टक्के. रोजच्या कामात हे चांगलंच, लोड चढला तरी व्होल्टेज हलत नाही. पण आउटपुटला शॉर्टसर्किट झालं, आणि मागचा सप्लाय भक्कम असला, तर करंट पूर्ण लोडच्या १३३ पट होतो. ६० अँपिअरच्या जागी ८००० अँपिअर. ४.५ टक्के इम्पीडन्सच्या, दोन वाइंडिंगच्या १२ केव्हीए ट्रान्सफॉर्मरमध्ये हाच आकडा २२ पट, म्हणजे १३३३ अँपिअर असता.

या १३३ पटीचा तांब्यावर काय परिणाम होतो? करंट डेन्सिटी ३३३ अँपिअर प्रति चौ. मिमी होते. इतक्या घाईत उष्णता बाहेर जायला वेळच नसतो, सगळी तांब्यातच साठते. तापमान सेकंदाला जवळपास ६८० अंशांनी चढतं. दोन वाइंडिंगमध्ये हेच सेकंदाला १९ अंश. म्हणजे दोन वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर एक-दोन सेकंद शॉर्टसर्किट सोसून पुन्हा कामाला लागू शकतो, पण या ऑटोला ब्रेकरने सेकंदाच्या दहाव्या भागातच तोडायला हवं. त्या दहाव्या भागातही तापमान ६८ अंश चढलेलं असतं, आणि आधीच्या गरम वाइंडिंगवर चढलेलं असतं. शिवाय तारांना ढकलणारं बल करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतं, त्यामुळे बारीक तारेचं सैल गुंडाळलेलं वाइंडिंग सरकतं. पाचर ठोकून घट्ट बसवणं आणि व्हार्निश आतपर्यंत मुरवणं ऑटोत टाळता येत नाही.

प्रत्यक्षात मागची केबल आणि सप्लायचा ट्रान्सफॉर्मर हा करंट बराच अडवतात, म्हणून लहान ऑटो वर्षानुवर्षं टिकतात. पण कंट्रोल पॅनेलमध्ये दोन वाइंडिंगच्या जागी ऑटो बसवताना पुढच्या ब्रेकरची तोडण्याची क्षमता नव्याने तपासा. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे पुरेसा असलेला ब्रेकर ऑटोच्या पुढे कमी पडू शकतो. आणि इम्पीडन्स मुद्दाम वाढवायचा ठरवला, तर वाइंडिंगमधलं अंतर वाढवावं लागतं किंवा बाहेर रिअॅक्टर लावावा लागतो, म्हणजे वाचवलेलं थोडं साहित्य पुन्हा खर्च होतं.

मोठ्या ग्रिडमधल्या ४००/२२० किलोव्होल्टच्या ऑटोतही हिशोब हाच. १ वजा २२०/४०० म्हणजे ०.४५, म्हणून ३१५ एमव्हीएच्या युनिटमध्ये आतला ट्रान्सफॉर्मर १४२ एमव्हीएच्या आसपासचा. पण स्टार जोडणीच्या अशा ऑटोला तिसऱ्या हार्मोनिकसाठी आणि असमतोल लोडसाठी बहुधा डेल्टा जोडणीचं तिसरं वाइंडिंग देतात. त्याचं तांबं वेगळं, ते सूत्रात कुठेच नसतं. न्यूट्रलही पक्कं अर्थ करावं लागतं, नाहीतर वरच्या बाजूच्या एका फेजचा अर्थ फॉल्ट खालच्या बाजूचं व्होल्टेज उचलतो. तरीही या पातळीवर ऑटोच निवडतात. एवढं वजन ट्रेलरवर चढवून पुलावरून न्यायचं असतं, तेव्हा बराच हलका डबा हाच निर्णायक मुद्दा ठरतो.

तुमच्यासमोर तयार ऑटो असेल आणि तो नीट बनवलाय का हे न खोलता बघायचं असेल, तर दोन्ही भागांचा डीसी रेझिस्टन्स मोजा. साध्या मल्टिमीटरने सिरीज भागाचे मिलिओहम दिसणार नाहीत. बॅटरीतून किंवा डीसी सप्लायमधून ५ ते १० अँपिअर सोडा आणि प्रत्येक भागावर पडणारे मिलिव्होल्ट थेट वाइंडिंगच्या टोकांवर घ्या, करंटच्या क्लॅम्पवर नाही. मोजून झाल्यावर सप्लाय एकदम तोडू नका, आधी करंट हळूहळू शून्यावर आणा. नाहीतर वाइंडिंगमधून मोठा झटका येतो. तांबं दोन्ही भागांत सारख्या करंट डेन्सिटीने वाटलेलं असेल, तर कॉमन आणि सिरीज रेझिस्टन्सचं गुणोत्तर असं यायला हवं:

```
R_common / R_series = ( V2 / (V1 - V2) )^2 = (200/40)^2 = 25
```

आपल्या लहान कोअरच्या ऑटोत सिरीज भाग सुमारे साडेतेरा मिलिओहम आणि कॉमन भाग सुमारे ०.३४ ओहम येतो, थंड असताना. बाहेरच्या थरांचा टर्न थोडा लांब असतो, त्यामुळे गुणोत्तर २५ ऐवजी २१-२२ आलं तरी काळजी नको. ५ च्या आसपास आलं, तर आत एकाच गेजची तार आहे. माझ्याकडे आलेल्या त्या दुसऱ्यांदा जळलेल्या ऑटोचं हे गुणोत्तर कोणी पहिल्या रीवाइंडनंतर लगेच मोजलं असतं, तर पाच मिनिटांत ५ दिसलं असतं आणि तो लोडवर गेलाच नसता.